तलावाकाठची सुट्टी: आधी पाणी बघा, मग रूम बुक करा

ठाणे-नवी मुंबईतून तलावाकाठी जायचं म्हटलं की बहुतेक जण आधी हॉटेलचे फोटो बघतात, स्विमिंग पूल आहे का, नाश्ता फुकट आहे का, आणि मग तारीख ठरते ती पोरांच्या सुट्टीवर. पण ज्यांना सकाळची शांतता हवी, थोडं बोटिंग हवं आणि पाण्याच्या कडेकडेने चालायचं आहे त्यांनी क्रम उलटा करायला हवा असं माझं ठाम मत आहे. आधी तलाव कुठल्या प्रकारचा ते बघायचं, मग त्यात कुठल्या महिन्यात किती पाणी असतं ते, मग किती रात्री राहायचं, आणि रूम सगळ्यात शेवटी. कारण आपल्याकडचे जवळजवळ सगळे "लेक" ही खरं तर धरणं आहेत आणि धरणाचं पाणी एका जागी थांबत नाही, ते शेतीला जातं, विजेला जातं, प्यायला जातं. फोटोत खिडकीखाली दिसणारं पाणी तुम्ही जाल तेव्हा अर्धा किलोमीटर लांब गेलेलं असू शकतं आणि मधे नुसता गाळ.

हे सगळं मी माझ्या नणंदेच्या घरासाठी प्लॅन करताना नीट मांडून काढलं होतं. ती ऐरोलीला राहते, घरात सासू-सासरे, दोघं नवरा-बायको आणि आठ वर्षांची मुलगी. तिचा फोन आला, "वहिनी, पवनेला एक रात्र टेंट बघू का, शनिवार-रविवार?" मी म्हटलं थांब जरा, बुक करू नकोस. शेवटी ती भंडारदऱ्याला गेली, तीन रात्री, नोव्हेंबरच्या शेवटी, रविवार ते बुधवार. का ते एकेक करून सांगते, म्हणजे तुम्हाला तुमच्या घराप्रमाणे बदलून घेता येईल.

तलाव कुठल्या जातीचा?

आपल्या पट्ट्यात सोयीसाठी तीन प्रकार धरा.

पहिला, प्यायच्या पाण्याचा. नकाशात ठाण्याच्या सगळ्यात जवळ हेच दिसतात, तानसा, मोडक सागर, भातसा, अप्पर वैतरणा, आणि नवी मुंबईकरांचं मोरबे. निळा मोठा ठिपका बघून लोक आजूबाजूचं फार्महाऊस बुक करतात आणि तिथे गेल्यावर कळतं की पाण्यात उतरायला आणि होडी घालायला बंदी आहे. लांबून बघायला, चालायला, पक्षी बघायला छान, पण बोटिंग यादीत असेल तर हे सरळ खोडून टाका. माथेरानचं शार्लोट लेकही ह्यातलंच, चालायला उत्तम आणि गाड्यांचा आवाज शून्य, पण होडी नाही.

दुसरा, छोटा गावातला तलाव. महाबळेश्वरचं वेण्णा लेक हे ह्याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण, १८४२ मध्ये साताऱ्याच्या महाराजांनी बांधून घेतलेलं. इथे बोट क्लब असतो, वल्ह्याची होडी मिळते, आजीआजोबांना बसायला बाकडं मिळतं, चहा हाताशी. पण काठावरच रस्ता असतो आणि दहानंतर घोडे, मका, स्ट्रॉबेरी क्रीम, गाड्यांची रांग. सकाळी लवकर शांत असतं खरं पण तेव्हा होड्या सुरू झालेल्या नसतात, म्हणजे शांतता आणि बोटिंग एकत्र मिळत नाही. तासाभराच्या मजेसाठीच हवा असेल तर आपल्या ठाण्याच्या तलावपाळीवर पण पॅडल बोट आहे की, त्यासाठी घाट चढायची गरज नाही.

तिसरा प्रकार म्हणजे शेतीच्या किंवा विजेच्या धरणाचा बॅकवॉटर. भंडारदरा, पवना, मुळशी, कोयनेचा शिवसागर म्हणजे तापोळा-बामणोली. पाणी लांबच लांब, दोन्ही बाजूंना डोंगर, काठाने विखुरलेली गावं, गावातल्याच लोकांच्या बोटी. शांत सकाळ, बोट आणि चालणं हे तिन्ही ह्याच प्रकारात जमतं, म्हणून माझा कौल ह्यालाच. अट एकच, पाण्याचं वेळापत्रक समजून घ्यायचं.

आता ह्यातलाही कुठला, तर पवना मुंबई-पुण्याच्या मधे असल्याने शनिवारी रात्री काठावर तंबूंची रांग आणि प्रत्येक कॅम्पचा वेगळा स्पीकर. मधल्या वारी जाल तर पवना पण सुंदर आहे, समोर तुंग, बाजूला तिकोना, पण नणंदेला सुरुवातीला शनिवारच हवा होता म्हणून मी नको म्हटलं. तापोळा मला फार आवडतं पण ठाणे-ऐरोलीहून पोलादपूर आणि आंबेनळी घाट करून जायला अख्खा दिवस जातो, सत्तरीच्या सासऱ्यांना ते जड, आणि तिथे चार रात्री तरी काढल्याशिवाय प्रवास वसूल होत नाही. भंडारदरा ठाण्याहून साधारण दीडशे किलोमीटर, त्यातला बराचसा रस्ता हायवे, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंची म्हणजे थंडी पण बेताची. आणि तलावाला पूर्ण फेरी मारणारा रस्ता आहे, त्यामुळे काठ निवडायला वाव मिळतो. म्हणून भंडारदरा.

महिना ठरवताना धरणाचं वर्ष लक्षात घ्या

भंडारदऱ्याचं धरण म्हणजे प्रवरा नदीवरचं विल्सन धरण, काम सुरू झालं १९१० ला आणि पूर्ण झालं १९२६ ला, मागचा तलाव तो आर्थर लेक. पूर्ण क्षमता साधारण ११ टीएमसी. ह्याचं वर्ष असं चालतं: जूनच्या सुरुवातीला सगळ्यात रिकामं, मग घाटघर-रतनवाडीच्या तुफान पावसाने भराभर भरतं आणि चांगल्या वर्षी १५ ऑगस्टच्या आसपास काठोकाठ होतं. ऑक्टोबरपर्यंत भरलेलंच राहतं. मग रब्बीची आवर्तनं सुटायला लागतात, म्हणजे खाली अकोले, संगमनेर, राहाता, श्रीरामपूर भागातल्या शेतीला ठरलेल्या दिवसांत पाणी सोडतात, आणि तलाव पायरी पायरीने खाली जातो. उन्हाळी आवर्तनानंतर मे महिन्यात तलावाच्या कडेने तपकिरी पट्टा उघडा पडतो, भेगा पडलेला गाळ, वाळलेली झुडपं, दगड.

ह्यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पाणी सगळीकडून सारखं मागे जात नाही. भिंतीजवळ तलाव खोल असतो आणि काठ उताराचा, त्यामुळे तिथे पातळी दोन-तीन मीटर उतरली तरी पाणी थोडंसंच लांब जातं. पण वरच्या टोकाला, जिथे नदी तलावात शिरते, तिथे तळ अगदी सपाट असतो, तिथे तेवढीच पातळी उतरली की पाणी डोळ्यादेखत गायब. भंडारदऱ्याचं हे वरचं टोक म्हणजे रतनवाडीची बाजू. तर नियम सोपा: ऑक्टोबर ते डिसेंबर वरच्या टोकाकडे राहिलात तरी चालेल, फेब्रुवारी-मार्चमध्ये जायचं तर भिंतीच्या जवळ शेंडी गावाकडे किंवा मुरशेतकडे राहा. तापोळ्याचं पण हेच, ते कोयनेच्या वरच्या अंगाला आहे म्हणून एप्रिल-मे मध्ये तिथे पाणी शोधायला जाऊ नका.

महिन्यांबद्दल माझं मत असं आहे.

जुलै-ऑगस्ट धबधब्यांसाठी जा, तलावासाठी नको. दाट धुकं असतं, समोरचं पाणीच दिसत नाही, बोटी बंद असतात, पावसाळी पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता अडलेला असतो. मे अखेर ते जूनची सुरुवात काजव्यांचा हंगाम, झाडं लखलखतात ते खरंच बघण्यासारखं आहे, पण तेव्हा तलाव सगळ्यात रिकामा आणि रात्री गर्दी सगळ्यात जास्त, म्हणजे आपल्याला जे हवं त्याच्या बरोबर उलटं. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हिरवागार पण दुपारी परतीचा पाऊस विजा घेऊन येतो आणि विजा चमकत असताना पाण्यात होडी म्हणजे अजिबात नाही. त्यानंतर दिवाळीची सुट्टी, तेव्हा रूमचे भाव चढलेले आणि सगळीकडे कल्ला.

उरतो दिवाळीची गर्दी ओसरल्यापासून ते साधारण २० डिसेंबरपर्यंतचा काळ, आणि मग पुन्हा ५ जानेवारीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पहिल्या तुकड्यात पाणी जास्त आणि गवत सोनेरी, दुसऱ्यात थंडी जास्त आणि गर्दी अजून कमी. थर्टी फर्स्टच्या आठवड्याला हात लावू नका.

पाण्यावरच्या धुक्यासाठी जायचं असेल तर ते पण ह्याच दिवसांत. हे धुकं पावसाळ्यातल्या धुक्यासारखं वरून उतरत नाही, पाण्यातून वर येतं, कारण रात्री हवा झपाट्याने गार होते आणि पाणी दिवसभराची ऊब धरून असतं. त्याला स्वच्छ आकाश लागतं आणि पडलेला वारा लागतो. म्हणून आदल्या रात्री झोपताना बाहेर येऊन बघा, तारे ठळक दिसतायत आणि झाडाचं पान हलत नाहीये, तर सकाळचा गजर सहाचा लावा. ढग असतील तर निवांत झोपा, काही दिसणार नाहीये. नोव्हेंबर अखेरीला सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सात वाजून जातात, आणि ऊन पाण्यावर पडलं की धुकं लगेच विरायला लागतं. ज्या काठावर पूर्वेला डोंगर आहे तिथे ऊन उशिरा येतं म्हणून धुकं जास्त वेळ टिकतं, पण थंडीही तेवढीच जास्त वेळ टिकते, म्हातारी माणसं बरोबर असतील तर हा हिशोब आधी करा.

आता ह्या वर्षी खरंच पाणी आहे का हे कसं कळणार? तीन गोष्टी करा. एक, जायच्या आठवड्यात धरणसाठ्याची बातमी बघा, जलसंपदा विभाग रोजचा साठा देतो आणि नगर-नाशिकच्या पेपरात टक्के छापून येतात. माझ्या अंदाजाने ८० टक्क्यांच्या वर असेल तर कुठेही राहा, ५० च्या खाली असेल तर भिंतीजवळच राहा. कमी पावसाच्या वर्षी जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडायचा आदेश निघतो, तसं पाणी २०२३ च्या नोव्हेंबरात सोडलं होतं, अशा वर्षी टक्के बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका. दोन, गुगल मॅपवर सॅटेलाइट लावून तुमच्या कॅम्पच्या जागेसमोर पाणी आणि हिरवळ ह्यांच्यामधे तपकिरी पट्टा किती रुंद आहे ते बघा, तो पट्टा म्हणजे पाणी मागे सरकण्याची जागा, रुंद पट्टा म्हणजे सपाट काठ. तीन, आणि हेच सगळ्यात कामाचं, मालकाला फोन करून विचारा, "दादा, आज पाणी रूमपासून किती पावलांवर आहे? आत्ताच एक व्हिडिओ काढून पाठवता का?" पाणी असेल तर व्हिडिओ लगेच येतो. "लेक व्ह्यू आहे मॅडम" एवढंच उत्तर आलं तर समजून घ्या की लांबून दिसतं.

किती रात्री?

नणंदेचं म्हणणं होतं एक रात्र पुरे. मी तिला म्हटलं, तू रात्री नको मोजूस, सकाळी मोज. एका रात्रीत तुम्ही दुपारी तीनला पोचता, दमलेले असता, संध्याकाळी फोटो, रात्री जेवण, आणि जी एक सकाळ मिळते तिच्यात अर्धं लक्ष बॅगा भरण्यात आणि दहाच्या चेकआऊटमध्ये. त्यात ढग आले तर तीही गेली. दोन रात्रीत एक अख्खी सकाळ मिळते आणि एक निघायची. तीन रात्रीत दोन अख्ख्या सकाळी, आणि मधे एक दिवस असा की काहीच ठरवलेलं नाही. चालायला आणि होडीला वेगवेगळ्या सकाळी लागतात, कारण दोन्हीची चांगली वेळ एकच, सूर्योदय ते दहा. म्हणून बॅकवॉटरला जायचं तर दोन रात्री किमान आणि तीन बरोबर, असं मी म्हणेन. भंडारदऱ्याला चार रात्री फक्त ट्रेक करणाऱ्यांनी, रतनगड, कळसूबाई, सांदण दरी असं काही असेल तर. लहान मुलं आणि टीनएजर चौथ्या दिवशी कंटाळतात.

आणि वार बघा. आम्ही रविवार ते बुधवार का धरलं, तर रविवारी सकाळी हायवेवर बाहेर जाणारी गर्दी नसते, तुम्ही पोचता तेव्हा शनिवारचे लोक निघालेले असतात, रूम रिकामी, कॅम्पवरचा स्पीकर बंद. सोम-मंगळ तलाव जवळजवळ तुमचाच. ऑफिसच्या तीन सुट्ट्या जातात हे मान्य, पण शनिवारच्या दोन रात्रींपेक्षा ह्या तीन रात्री कमी पैशात पडतात कारण मधल्या वाराला भाव करता येतो. शनिवारच घ्यावा लागला तर मालकाला स्पष्ट विचारा की म्युझिक किती वाजता बंद होतं. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्यानेच बंदी आहे, हे तुम्हाला माहीत आहे असं बोलण्यातून कळू द्या, पुष्कळ फरक पडतो.

आता प्रत्यक्ष प्लॅन

रविवार. ऐरोलीहून आठला निघायचं, ठाणे, भिवंडी बायपास, शहापूर. तिथून पुढे दोन पर्याय, जुना कसारा घाट किंवा समृद्धी महामार्ग, ज्याचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा तुकडा जून २०२५ मध्ये सुरू झाला. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांच्यासाठी समृद्धी बरा, वळणं नाहीत आणि डोंगर बोगद्यातून पार होतो, टोल मात्र धरून चाला आणि बाईकला तिथे परवानगी नाही. इगतपुरीनंतर घोटीला वळायचं. घोटीला पेट्रोल भरायचं, रोख पैसे काढायचे, औषध वगैरे राहिलं असेल तर घ्यायचं, कारण पुढे एटीएमचा आणि मोबाईलच्या रेंजचा भरवसा नाही आणि बोटवाल्यांना रोख बरी पडते. घोटीहून बारी गावावरून शेंडी साधारण ३५ किलोमीटर. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, नाक्यावर प्रवेश फी घेतात, पावती जपून ठेवा. गाडी नसेल तर कसाऱ्यापर्यंत लोकल आणि पुढे जीप ठरवायची, किंवा इगतपुरीला उतरून घोटी. पाच जण असाल तर जीप परवडते.

तंबू की रूम? सासू-सासऱ्यांसाठी रूम, ह्यावर मी अडून बसले. तंबू पाण्याच्या जितका जवळ तितकं रात्री दव जास्त, सकाळी आतल्या कापडाला हात लावला तर पाणी निथळतं, पांघरूण ओलसर होतं, आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या आसपास येतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवरून उठणं, झिप उघडून रात्री टॉर्च घेऊन लांबच्या बाथरूमला जाणं हे सुट्टीत नको. वेस्टर्न कमोड आहे का आणि गरम पाणी किती वाजता मिळतं हे दोन प्रश्न आधीच विचारून घ्या. नणंद, भाऊजी आणि मुलगी एक रात्र तंबूत झोपली, बाकी रूममध्ये, तेवढ्याने पोरीची हौस फिटली.

संध्याकाळी कुठे जायचं नाही. काठावर एक चक्कर मारायची आणि तेव्हाच सकाळची वाट बघून ठेवायची, कुठे गाळ आहे, कुठून उतरता येतं, कुत्री कुठे आहेत. अंधारात उठून नवी वाट शोधायला लागू नये म्हणून.

सोमवार, चालायची सकाळ. सव्वासहाला बाहेर, चहा घेऊनच. मुरशेत ते पांजरे ह्या बाजूचा रस्ता सकाळी जवळपास मोकळा असतो, कडेला तलाव, पलीकडे रतनगड, चढ थोडा. आजीआजोबांनी अर्धा तास जाऊन परत यायचं, बाकीच्यांनी तास-दीड तास. पाण्याच्या अगदी कडेने चालायचं असेल तर जिथे गुरांचे खूर उमटलेत तिथूनच चाला, गुरं जातात ती जमीन पक्की असते. जिथे वरून सुकलेली पापडी आणि खाली काळसर चकाकी दिसते तिथे पाय टाकू नका, पापडी फुटून घोट्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत पाय आत जातो आणि ओढून काढताना चप्पल तिथेच राहते. सँडलला मागे पट्टा हवाच.

चालताना टिटवी ओरडत डोक्यावरून घिरट्या घालायला लागली तर दिशा बदला, तिची जागा तिथे जवळच असते. दगडावर पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा, उथळ पाण्यात स्तब्ध उभा वंचक, शेपटी वरखाली करत पळणारे धोबी हे रोजचेच, आणि थंडीत नशीब असेल तर केशरी रंगाची चक्रवाक बदकं जोडीने दिसतात. स्पीकरवर गाणी लावलीत तर ह्यातलं काही जवळ थांबत नाही.

धरणाच्या भिंतीवर फिरायला मिळेल असं धरून जाऊ नका, सुरक्षेमुळे तिथे अडवतात. दुपारी रिंग रोडने गाडीतून फेरी मारायची, पांजरे, उडदावणे, घाटघरचा कोकणकडा, साम्रद, रतनवाडी करून परत शेंडी. थांबत थांबत अर्धा दिवस जातो आणि रस्ता काही ठिकाणी खराब असतो, म्हणून जेवून एक वाजता निघायचं आणि अंधाराच्या आत परत. रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ आहे, शिलाहार काळातलं, आणि बाजूची दगडी पुष्करणी, तिथे सासूबाई तासभर बसल्या.

मंगळवार, बोटीची सकाळ. बोटवाल्याशी सोमवारी संध्याकाळीच बोलून ठेवायचं, कारण आपणहून ते नऊ-दहाच्या आधी येत नाहीत. साडेसात-आठला ये म्हणून सांगायचं आणि थोडे जास्त पैसे द्यायचे. सकाळी का, तर पाणी आरशासारखं असतं आणि अकरानंतर दरीतून वारा सुटतो, लाटा बारीकच असतात पण छोटी होडी हेलकावे खाते, परतीला पाणी अंगावर उडतं. पाण्यावर पांढरे तुरे दिसायला लागले की जायचंच नाही, बोटवाला काही होत नाही म्हणाला तरी.

भाव ठरवताना वेळ आणि अंतर दोन्ही बोला, "एक तास" आणि "रतनवाडीपर्यंत जाऊन परत" ह्यात बराच फरक आहे. आणि एक खास सांगायचं, तलावाच्या मधे गेल्यावर दहा मिनिटं इंजिन बंद करून थांबायचं. हे आधी सांगितलं नाही तर बोटवाला आपला फेरी मारून दुसऱ्या गिऱ्हाइकाला मोकळा होतो. जिथे कयाक किंवा वल्ह्याची होडी मिळते तिथे तीच घ्या, पण काठाला धरून, शंभर-दोनशे मीटरच्या आत.

लाइफ जॅकेटचं मात्र बारकाईने बघा. नुसतं अंगात अडकवलं म्हणजे झालं असं नाही. सगळी बकलं लावायची, पट्टे ओढून घट्ट करायचे, मग दुसऱ्या कोणीतरी खांद्यापाशी दोन्ही हातांनी धरून वर उचलायचं. जॅकेट हनुवटीच्या वर सरकून कानापाशी आलं तर ते मोठं आहे, पाण्यात पडल्यावर जॅकेट वर जाईल आणि माणूस खाली. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलांना ह्याच कारणासाठी चालत नाही. नणंदेच्या मुलीला पहिलं दिलं ते मोठ्यांचंच होतं, भाऊजींनी उचलून बघितलं तर थेट डोळ्यापर्यंत आलं, मग बोटवाल्याने गावातून लहान मागवलं, वीस मिनिटं गेली, पण तोवर कोणी बोटीत चढलं नाही. लहान साइज नसेल तर मुलाला न्यायचं नाही. बोटीवर माणसं जितकी तितकी जॅकेट आणि बोटवाल्याच्या अंगात पण एक, हे बघून मगच पाय टाका. सेल्फीसाठी सगळे एका बाजूला उभे राहतात तेव्हाच होड्या कलंडतात, तेव्हा बसूनच राहायचं.

आणि पोहायचं नाही. पट्टीचे पोहणारे असाल तरी बॅकवॉटरमध्ये नाही. खाली जुनी बांधावळ, झाडांचे बुंधे, गाळ असतो, काठ दोन पावलांवर एकदम तुटतो, आणि थंडीत पाणी इतकं गार की दम लगेच कोंडतो. पाय बुडवून बसायचं तर दगडावर बसा.

मंगळवारची दुपार मोकळी ठेवली होती. झोप, पत्ते, गावातलं जेवण, पिठलं-भाकरी आणि ठेचा आदल्या दिवशी सांगितलं की चुलीवरचं मिळतं. ज्यांना काहीतरी हवंच असतं त्यांनी रंधा धबधबा बघून यावं, शेंडीपासून दहाएक किलोमीटर, पण नोव्हेंबरअखेर तिथे पाणी आहे की नाही हे वरून आवर्तन सुटलंय का ह्यावर असतं, स्थानिकांना विचारून मग जा.

बुधवारी सकाळी पुन्हा लवकर उठून अर्ध्या तासाची चक्कर, मग नाश्ता, दहाला निघून जेवायला घरी पोचता येतं. दुपारनंतर निघाल तर भिवंडी आणि माजिवड्याला संध्याकाळच्या गर्दीत अडकाल, म्हणून "अजून थोडं थांबू" हा मोह टाळा.

तुमच्या घराप्रमाणे बदल करायचे तर असे. म्हातारी माणसं बरोबर नसतील आणि चालायची आवड जास्त असेल तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा घ्या आणि रतनवाडीच्या बाजूला राहा, रतनगडाच्या वाटेचा पहिला टप्पा नदीच्या बाजूने झाडीतून जातो, गड चढायचा नसला तरी तेवढं चालून परत यायला मजा येते. बोटिंग मुख्य असेल आणि हाताशी चार-पाच दिवस असतील तर तापोळा किंवा बामणोली, पाणी लांबवर पसरलेलं आहे आणि बोटीनेच वासोट्याच्या पायथ्याला जाता येतं, त्यासाठी वनखात्याची परवानगी बामणोलीला घ्यावी लागते, पावसाळ्यात ते बंद असतं आणि गडावर मुक्काम करता येत नाही. फक्त शनिवार-रविवारच मिळत असेल तर जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा बघा, पण २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली असेल तर तो सोडा. आणि मे शिवाय सुट्टीच नसेल तर बॅकवॉटरचा नाद सोडून माथेरान किंवा महाबळेश्वर, तिथे निदान झाडांची सावली मिळेल आणि वेण्णात बोटिंगही होईल.

बुकिंगचे पूर्ण पैसे आधी देऊ नका. निम्मे द्या आणि मेसेजमध्ये लिहून घ्या की तारीख एकदा बदलता येईल, कारण नोव्हेंबरातही समुद्रात वादळ झालं की इकडे दोन दिवस ढगाळ आणि पाऊस होतो. निघायच्या दोन दिवस आधी हवामान खात्याचा अंदाज आणि धरणाचे टक्के परत एकदा बघा, मालकाकडून ताजा व्हिडिओ मागवा, आणि मगच डब्याची तयारी सुरू करा.